इ.स.पू. ते इ.स.: मधली वर्षं मोजताना एक कधी वजा करायचा, कधी नाही (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एक तारीख इसवी सनपूर्व काळातली, दुसरी इसवी सनातली. मधे वर्षं किती गेली? हिशेब दोन ओळींचा आहे, तरीही सरकारी समारंभांपासून संगणकाच्या प्रोग्रामांपर्यंत सगळीकडे तो चुकलेला सापडतो. खालच्या बऱ्याच उत्तरांत उदाहरण एकाच माणसाचं घेतलं आहे: रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस. जन्म २३ सप्टेंबर इ.स.पू. ६३, मृत्यू १९ ऑगस्ट इ.स. १४. त्याच्या दोन्ही तारखा माहीत आहेत, आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे तपासायला एक जुनी नोंदही हाताशी आहे.

सूत्र काय आहे?

दोन्ही आकडे मिळवा आणि एक वजा करा. इ.स.पू. ६३ ते इ.स. १४ हे अंतर ६३ + १४ − १ = ७६ वर्षं.

हे ७६ म्हणजे एका वर्षातल्या एखाद्या तारखेपासून दुसऱ्या वर्षातल्या त्याच तारखेपर्यंतचं अंतर. ऑगस्टसचं मृत्यूसमयीचं वय ७६ नव्हतं. ते का, हे वयाच्या प्रश्नात येईल.

दोन्ही तारखा सीमेच्या एकाच बाजूला असतील तर नेहमीची वजाबाकी पुरते. इ.स.पू. ६३ ते इ.स.पू. २७ म्हणजे ३६ वर्षं. तिथे एक वजा करायचा नाही. सूत्र पाठ केलेले लोक नेमके इथे घसरतात.

पण एक का वजा करायचा?

३१ डिसेंबर इ.स.पू. १ च्या दुसऱ्या दिवशी १ जानेवारी इ.स. १ उजाडतो. मधे शून्य नावाचं वर्ष नाही. तापमापकावर −५ पासून +५ पर्यंत दहा अंश होतात, कारण वाटेत शून्याची खूण लागते. सनावळीत ती खूणच नसल्यामुळे एक घर कमी पडतं.

खात्री करायची असेल तर सीमेला अगदी लागून असलेली जोडी घ्या. १ जून इ.स.पू. १ पासून १ जून इ.स. १ पर्यंत किती काळ गेला? आधी सात महिने (जून ते डिसेंबर), मग पाच महिने (जानेवारी ते मे). बरोबर बारा महिने, म्हणजे एक वर्ष. आकडे नुसते मिळवले असते तर दोन आले असते. सूत्र विसरलं की ही जोडी मांडून बघावी, एक वजा करायचा की मिळवायचा हा घोळ तिथल्या तिथे मिटतो.

शून्य वर्ष ठेवलंच का नाही?

ही कालगणना डायोनिसियस एक्झिग्युअस या भिक्षूने इ.स. ५२५ मध्ये ईस्टरच्या तारखांची कोष्टकं करताना मांडली. त्याआधीच्या कोष्टकांत वर्षं सम्राट डायोक्लेशियनपासून मोजलेली होती. त्याने ती येशूच्या अवतारापासून मोजली. त्या काळी वर्षं मोजण्याची पद्धत ‘अमुक राजाचं पहिलं वर्ष, दुसरं वर्ष’ अशी होती. गणती पहिल्यापासून सुरू झाली की ‘शून्यावं वर्ष’ असा प्रश्नच उरत नाही.

रोमन अंकांत शून्य नव्हतं म्हणून वर्ष शून्य नाही, हे कारण सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. शून्याचं चिन्ह नव्हतं हे बरोबर, पण ‘काही नाही’ ही कल्पना डायोनिसियसला परकी नव्हती. त्याच्याच कोष्टकात जिथे चंद्राच्या वयाचा आकडा काही उरत नाही तिथे त्याने तसा लॅटिन शब्द लिहिला आहे. खरं कारण क्रमवाचक मोजणीचं आहे.

उलट दिशेने, म्हणजे अवताराच्या आधीची वर्षं मोजणं, नंतर आलं. इ.स. ७३१ मध्ये लिहिताना इंग्लंडमधल्या बीड नावाच्या भिक्षूने ते केलं, आणि त्यानेही थेट ‘आधीचं पहिलं’ असंच धरलं. सर्रास वापरात यायला पुढे बरीच शतकं गेली.

‘सामान्य युग’ वापरलं तर हिशेब बदलतो का?

नाही. सामान्य युगपूर्व ६३ आणि इ.स.पू. ६३ हे एकच वर्ष. फक्त नाव वेगळं.

एखाद्याचं वय नेमकं कसं काढायचं?

वयात पूर्ण झालेली वर्षं मोजतात, म्हणून सूत्रानंतर आणखी एक पायरी आहे: मृत्यूच्या वर्षी वाढदिवस येऊन गेला होता का? गेला नसेल तर आणखी एक वजा.

ऑगस्टसचं पाहू. वर्षांचा फरक ७६ आला. मृत्यू १९ ऑगस्टला, वाढदिवस २३ सप्टेंबरला. म्हणजे त्या वर्षीचा वाढदिवस यायचा होता. ७६ − १ = ७५. तो ७५ वर्षं पूर्ण करून शहात्तराव्या वर्षात होता.

महिने आणि दिवसही हवे असतील तर शेवटच्या वाढदिवसापर्यंत आधी उडी मारा. २३ सप्टेंबर इ.स.पू. ६३ ते २३ सप्टेंबर इ.स. १३ हे ६३ + १३ − १ = ७५ वर्षं. तिथून २३ जुलै इ.स. १४ पर्यंत १० महिने, आणि १९ ऑगस्टपर्यंत आणखी २७ दिवस. वय ७५ वर्षं, १० महिने, २७ दिवस.

आता पडताळा. रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो की ऑगस्टस शहात्तर वर्षं पुरी व्हायला ३५ दिवस कमी असताना वारला. १९ ऑगस्टपासून ऑगस्टअखेर १२ दिवस, पुढे २३ सप्टेंबरपर्यंत २३, बेरीज ३५. इसवी सनाची कल्पनाही नसलेल्या काळातल्या लेखकाचा आकडा आपल्या हिशेबाशी जुळतो. एक वजा केला नसता तर वय ७६ आलं असतं, आणि ते सुएटोनियसशी जुळलं नसतं.

हाताने करून बघायचं असेल तर टायबेरियस घ्या: जन्म १६ नोव्हेंबर इ.स.पू. ४२, मृत्यू १६ मार्च इ.स. ३७. फरक ७८, वाढदिवस आलेला नाही, म्हणून वय ७७.

लक्षात घ्या, इथे दोन वेगवेगळे ‘एक’ आहेत. पहिला शून्य वर्ष नसल्याचा, तो सीमा ओलांडली की प्रत्येक वेळी लागतो. दुसरा वाढदिवसाचा, तो तारखांवर अवलंबून असतो आणि आजच्या माणसाचं वय काढतानाही लागतो. बरेच जण एक वजा केला म्हणजे काम झालं असं समजतात आणि दुसरा विसरतात. उलटही होतं: दोन वजा करण्याचा नियमच आहे असं समजून वाढदिवस होऊन गेलेल्या माणसाचंही एक वर्ष कमी करतात.

एका पुस्तकात नुसती बेरीज केली आहे. ती चूक म्हणायची का?

प्रश्न कोणता होता त्यावर ठरेल. नुसती बेरीज हेही एका प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे: ‘किती सालांना स्पर्श झाला?’

ऑगस्टस ही पदवी त्याला १६ जानेवारी इ.स.पू. २७ रोजी मिळाली. तिथून मृत्यूपर्यंत गेलेला काळ २७ + १४ − १ = ४० वर्षं आणि वर सात महिने. पण वर्षावार नोंदींची यादी केली, तर इ.स.पू. २७ ते इ.स.पू. १ ही २७ सालं आणि इ.स. १ ते इ.स. १४ ही १४ सालं, एकूण ४१ ओळी होतील. दोन्ही टोकं धरून मोजल्यामुळे एक वाढला आणि शून्य वर्षाचा एक कमी झाला, म्हणून शेवटी साधी बेरीज उरली.

शतकांच्या बाबतीतही हेच होतं. इ.स.पू. पाचवं शतक इ.स.पू. ५०० च्या पहिल्या दिवशी सुरू होतं, इ.स. पाचवं शतक इ.स. ५०० च्या शेवटच्या दिवशी संपतं. दोन्ही वर्षं पूर्णच्या पूर्ण धरली आहेत, म्हणून हा काळ बरोबर १००० वर्षांचा; ९९९ नाही.

तेव्हा बेरीज दिसली की लगेच लाल शाई काढू नका. ‘गेलेला काळ’ विचारला आहे की ‘दोन्ही धरून सालं’, हे आधी वाचा.

अमुक घटनेला २५०० वर्षं कधी होतील, हे कसं काढायचं?

इच्छित आकड्यातून इ.स.पू. चं वर्ष वजा करा आणि एक मिळवा. हो, इथे मिळवायचा, कारण तेच सूत्र उलटं फिरवलं आहे.

मॅरेथॉनची लढाई इ.स.पू. ४९० ची. २५०० − ४९० + १ = २०११. लढाईला २५०० वर्षं २०११ मध्ये झाली. पण ग्रीसने २५०० वर्षांचं नाणं २०१० मध्ये काढलं आणि अथेन्सच्या मॅरेथॉन शर्यतीनेही तो सोहळा त्याच वर्षी साजरा केला. इ.स.पू. ४८० च्या थर्मोपिलीच्या लढाईचं २५०० वर्षांचं दोन युरोचं नाणं २०२० चं आहे. हिशेबाने ते २०२१ चं हवं. २५०० − ४९० = २०१० ही वजाबाकी इतकी गोल आणि देखणी येते की तपासावंसं वाटतच नाही. शिवाय ४९० आणि २०१० हे दोन्ही आकडे शून्यावर संपतात. खरं उत्तर एकावर संपतं आणि म्हणूनच ते चुकल्यासारखं दिसतं.

हे जुनंच दुखणं आहे. कवी व्हर्जिल १५ ऑक्टोबर इ.स.पू. ७० चा, त्याची द्विसहस्राब्दी १९३० मध्ये साजरी झाली, पुरी मात्र १९३१ मध्ये झाली. आपल्या ऑगस्टसच्या जन्माला दोन हजार वर्षं २३ सप्टेंबर १९३८ ला झाली. मुसोलिनीच्या राजवटीत रोममध्ये त्यानिमित्तचं मोठं प्रदर्शन २३ सप्टेंबर १९३७ ला उघडलं. त्या दिवशी दोन हजारावं वर्ष सुरू झालं असं म्हणता येतं, म्हणून संयोजकांना संशयाचा फायदा देऊ. पण १९३७ ला ‘दोन हजार वर्षं पूर्ण’ असं लिहिलेलं आढळलं तर ते चूक.

बरोबर आलेलंही एक उदाहरण आहे. महावीरांचं निर्वाण जैन परंपरेने इ.स.पू. ५२७ च्या दिवाळीत धरलं जातं, आणि २५०० वं निर्वाणवर्ष भारतात १९७४ च्या दिवाळीपासून पाळलं गेलं. ५२७ + १९७४ − १ = २५००. इथे गल्लत होण्याचं कारणच नव्हतं: वीर निर्वाण संवत त्या घटनेपासून सलग मोजला जातो, मधे सीमा ओलांडावी लागत नाही.

जवळ येणारी एक तारीख: ज्युलियस सीझरची हत्या १५ मार्च इ.स.पू. ४४ ची. तिला २१०० वर्षं २०५७ मध्ये होतील. २०५६ च्या मार्चमध्ये लेख येऊ लागले तर आश्चर्य वाटायला नको.

खगोलशास्त्राच्या यादीत ग्रहणाचं वर्ष −५८४ दिलंय, पुस्तकात मात्र इ.स.पू. ५८५. बरोबर कोणतं?

दोन्ही. खगोलगणितात शून्य वर्ष असतं. १७४० मध्ये फ्रेंच खगोलज्ञ जाक कॅसिनीच्या कोष्टकांत ते दिसतं आणि आजही तीच रीत आहे. तिथे इ.स.पू. १ ला ० म्हणतात, इ.स.पू. २ ला −१, आणि त्याच क्रमाने इ.स.पू. ५८५ ला −५८४. हे ते ग्रीक तत्त्वज्ञ थेलिसच्या नावाशी जोडलेलं २८ मेचं सूर्यग्रहण. नासाच्या ग्रहणसूचीत ते −५८४ खालीच सापडतं.

या गणतीत एक वजा करण्याची भानगड राहत नाही. ऑगस्टसचा जन्म −६२, मृत्यू १४; १४ − (−६२) = ७६. मोठे हिशेब करायचे असतील तर आधी सगळी वर्षं या गणतीत आणा आणि मग निर्धास्त वजाबाकी करा.

लीप वर्षंही इथेच सरळ दिसतात. ज्युलियन पद्धत मागे नेली तर ०, −४, −८ ही लीप वर्षं. इ.स.पू. च्या भाषेत तीच १, ५, ९. ‘चारने भाग जातो’ हा नियम इ.स.पू. च्या आकड्यावर थेट लावला तर फेब्रुवारीचा २९ वा दिवस चुकीच्या वर्षात पडतो.

चुका दोन प्रकारे होतात. एक तर −५८४ वाचून इ.स.पू. ५८४ लिहिलं जातं. किंवा आकडे आधीच खगोलीय गणतीतले असताना वर पुन्हा एक वजा केला जातो. यादी कोणत्या गणतीत आहे हे ओळखायला दोन खुणा पुरतात: तिच्यात शून्य साल आहे का, आणि माहितीतली एखादी घटना तिथे कोणत्या आकड्याखाली आहे. उणे चिन्ह मात्र पुरावा नव्हे; काही लोक इ.स.पू. ६३ लाच −६३ लिहितात.

स्प्रेडशीट किंवा प्रोग्राममध्ये हे कसं करायचं?

एक्सेलसारख्या स्प्रेडशीटच्या तारखा १९०० च्या आसपास सुरू होतात, त्यामुळे तारखेचा रकाना विसरा. वर्ष, महिना, दिवस वेगळ्या रकान्यांत साध्या आकड्यांनी लिहा. इ.स.पू. उणे चिन्हाने (−६३) लिहिलं असेल तर वर्षांचा फरक असा:

```
=B2-A2-IF(AND(A2<0,B2>0),1,0)
```

पायथनच्या `datetime` मध्ये सर्वात जुनं वर्ष १ आहे, इ.स.पू. ची तारीख दिली की ते चूक दाखवून थांबतं. म्हणून छोटं फंक्शन स्वतः लिहिणं सोपं:

```python
def astro(y):
    if y == 0:
        raise ValueError("year 0")
    return y if y > 0 else y + 1

def full_years(y1, m1, d1, y2, m2, d2):
    n = astro(y2) - astro(y1)
    if (m2, d2) < (m1, d1):
        n -= 1
    return n

full_years(-63, 9, 23, 14, 8, 19)   # 75
```

शून्य आलं तर थांबवणारी ओळ काढून टाकू नका. डेटामध्ये ० सापडणं म्हणजे तो डेटा खगोलीय गणतीतला असल्याची खूण असते, आणि मग `astro` वापरायचंच नसतं.

आयएसओ ८६०१ या तारीखलेखनाच्या मानकात `0000` म्हणजे इ.स.पू. १. पोस्टग्रेस हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर मात्र इतिहासकारांची रीत पाळतं: तारीख `BC` लावून द्यायची, शून्य वर्ष चालत नाही, आणि `extract(year ...)` इ.स.पू. ६३ साठी −६३ परत देतं. तो आकडा थेट वजा केला की एक वर्ष जास्त येणार. या दोन व्यवस्थांमध्ये डेटा हलवताना सगळी इ.स.पू. वर्षं एकाने सरकतात आणि कुठलाही इशारा मिळत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये वेगळाच सापळा आहे. `new Date(14, 7, 19)` लिहिलं तर इ.स. १४ नव्हे, १९१४ मिळतं; ० ते ९९ हे आकडे ते १९०० च्या पुढचे समजतं. वर्ष `setFullYear` ने बसवा.

वर्षांऐवजी दिवस मोजले तर?

पोस्टग्रेसला विचारून पाहा:

```sql
SELECT date '0014-08-19' - date '0063-09-23 BC';
```

उत्तर २७७२४ येतं. हाताने: ७५ वर्षांचे २७३७५ दिवस, त्यात −६० पासून १२ पर्यंतचे १९ लीप दिवस, आणि शेवटच्या वाढदिवसानंतरचे ३३०.

गणित चोख आहे, पण ऑगस्टस खरोखर तेवढे दिवस जगला असं यावरून म्हणता येत नाही. तो जन्मला तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका नव्हतीच. ती इ.स.पू. ४५ पासून लागू झाली, आणि ऋतूंशी मेळ घालण्यासाठी त्याच्या आदलं वर्ष, इ.स.पू. ४६, तब्बल ४४५ दिवसांचं करावं लागलं. नंतरही पुरोहितांनी लीप वर्ष चौथ्याऐवजी दर तिसऱ्या वर्षी धरलं. ती चूक ऑगस्टसने काही लीप वर्षं गाळून निस्तरली. संगणक यातलं काहीच जाणत नाही. तो आजचा नियम मागे ताणतो. वर्षांच्या अंतराला याने धक्का लागत नाही, कारण साल एकामागून एक तसंच आलं. दिवसांच्या अंतराला मात्र लागतो.

घटनेचं वर्षच अंदाजे असेल तर एक वजा करायचा का?

‘सुमारे इ.स.पू. ५००’ या नोंदीत दहा-वीस वर्षांचा फरक आधीच गृहीत आहे. तिथे एकाने काही बिघडत नाही. बिघडतं ते अशा नोंदीतून २०२६ साली ‘२५२५ वर्षांपूर्वी’ असं लिहिल्यावर. ५०० + २०२६ − १ हे गणित बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला वर्ष नक्की ठाऊक आहे असं वाटेल. तिथे ‘सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी’ एवढंच लिहावं.